कळलं नसताना ‘येस’ म्हणू नका

मिहानमधल्या कंपनीत लागलो. अमेरिकन क्लायंटच्या कॉलवर अर्धं कळत नाही, विचारायची लाज वाटते, म्हणून ‘येस’ म्हणून मोकळा होतो. इंग्रजी कशी सुधारू?

इंग्रजीचं नंतर पाहू, आधी ते ‘येस’ बंद करा. दर वेळी पत्रांत हेच असतं, आणि विचारतात मात्र उच्चारांबद्दल.

समजा, न्यूयॉर्कच्या क्लायंटनं रिपोर्ट ‘फ्रायडे ईओडी’ला मागितला. त्याचे संध्याकाळचे पाच म्हणजे नागपुरात शनिवारची पहाट: हिवाळ्यात साडेतीन, उन्हाळ्यात अडीच. तुम्ही शुक्रवारी सहालाच घाईघाईत अर्धवट फाइल पाठवता. नाव भाषेचं होतं, चूक न विचारण्याची असते. तारखेचंही तसंच. 05/06 म्हणजे आपल्याकडे 5 जून, तिकडे 6 मे.

‘सॉरी, रिपीट’ म्हटलं की तेच वाक्य त्याच वेगानं परत येतं. त्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं आपण बोलायचं आणि अडलेला तुकडाच विचारायचा: ‘फ्रायडे, फाइव्ह पीएम, युवर टाइम, राइट?’ कॉल संपला की लगेच चॅटवर तीन ओळी टाका: काम काय, कोण करणार, कधीपर्यंत. महिना अक्षरांत लिहा, वेळेपुढे IST लावा. ऐकण्यात चूक झाली असेल तर ती तिथंच पकडली जाते, चार दिवसांनी नाही.

तुमची पाळी असेल तिथली पहिली दोन वाक्यं आधी लिहून ठेवा. पूर्ण भाषण पाठ केलंत तर मध्ये एक प्रश्न आला की सगळं विसरतं. अजेंडा आदल्या दिवशी मिळावा, हे टीम लीडशी याच आठवड्यात बोला. अप्रेझलपर्यंत थांबू नका.

मीटिंगमध्ये माझी नागपुरी हिंदी ऐकून दिल्लीवाले हसून राहिले. बदलू का?

बोलताना नको. मेल लिहिताना लिंग तपासा: हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे आपलं ‘ते पुस्तक’ तिथं स्त्रीलिंगी होतं. शंका असेल तर हिंदीभाषक सहकाऱ्याला एकदा दाखवा.

सीताबर्डीतला क्लास 30 दिवसांत फ्लुएंट करतो म्हणतात. लावू?

कोण म्हणतात? जाहिरातच ना! बॅचमध्ये 30 जण आणि तास एक, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी दिली तरी तुमच्या वाट्याला दोन मिनिटं. ‘आज फी भरली तर सूट’ ऐकलं की उठा. एक तास बसून बघा, स्वतः किती बोललात ते मोजा आणि जुन्या विद्यार्थ्यांना विचारूनच पैसे भरा.

केंद्र सरकारच्या कार्यालयात आहे. हिंदीत टिप्पणी लिहिली तर साहेब इंग्रजी अनुवाद मागतात.

राजभाषा नियम, 1976 मधला नियम 8 पाहा: टिप्पणी हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिता येते, अनुवाद तुम्ही द्यायचा नसतो. वाद घालण्याआधी राजभाषा अधिकाऱ्यांना भेटा.

मीटिंगच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, छाती धडधडते.

हे भाषेच्या क्लासनं जाणार नाही. डॉक्टरांना दाखवा, लवकर.