प्रबंध सादर करणे आणि तोंडी परीक्षा यांसाठी रजा कशी मागावी?

«मी चोपड्याकडे कनिष्ठ अभियंता आहे, जळगावला अर्धवेळ एम.टेक. करतो. 30 जूनपर्यंत प्रबंध द्यायचा आहे, मग व्हायवा. साहेबांकडे एकदम पंधरा दिवस मागू का?»

भाऊ, एकदम मागू नका. प्रबंध देण्याची मुदत आत्ताच ठरलेली आहे. व्हायवा बाहेरच्या परीक्षकाच्या सवडीवर ठरते. ती तारीख महिना-दोन महिन्यांनी, तीही चार दिवस आधी कळू शकते. अंदाजाने घेतलेली रजा वाया जाते आणि खऱ्या दिवशी पुन्हा हात पसरावा लागतो.

प्रबंधासाठी 22 ते 26 जून अर्जित रजा घ्या. सोमवार ते शुक्रवार आहे, म्हणून मागचे-पुढचे शनिवार-रविवार जोडण्याची आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी त्याच अर्जात मागा. बाइंडिंगपेक्षा वेळ सह्यांना लागतो. मार्गदर्शक सही करतात, तेव्हा विभागप्रमुख बाहेरगावी असतात. साहित्यचौर्य तपासणीचा अहवाल रजेआधीच काढून ठेवा. त्यात साम्य जास्त निघालं तर प्रकरण पुन्हा लिहावं लागतं, आणि ते पाच दिवसांत उरकत नाही. सोमवारी 29 तारखेला काम उरलं तर नैमित्तिक रजा टाकू असं मनात धरू नका. नैमित्तिक रजा अर्जित रजेला जोडता येत नाही, तेव्हा वाढ हवी असल्यास अर्जित रजेचीच मागा.

व्हायवासाठी वर्षाच्या 8 नैमित्तिक रजांपैकी दोन आतापासून राखून ठेवा. मार्गदर्शकांचा व्हॉट्सॲप निरोप कार्यालयात चालत नाही. विभागप्रमुखांचं तारखेचं पत्र घ्या, परीक्षेनंतर उपस्थिती प्रमाणपत्रही घ्या. परीक्षक ऐनवेळी आले नाहीत तर त्याच दिवशी साहेबांना कळवा, दुसरी रजा वाचते. पक्की बांधणी व्हायवानंतरच्या दुरुस्त्या करून द्यायची की आधी, हेही विभागात विचारा. नंतर असेल तर जळगावची आणखी एक फेरी धरावी लागेल.

अर्जाला एम.टेक.साठी घेतलेल्या पूर्वपरवानगीच्या आदेशाची प्रत जोडा. ती नसेल तर रजेआधी तोच विषय निकाली काढा, कारण आस्थापनेचा लिपिक पहिलं तेच विचारतो.

आणि खरी अडचण उपअभियंत्यांची असते. जून संपत आला की पावसाच्या तोंडावर कामं उरकायची घाई असते. तुमच्या मोजमाप पुस्तिकेत नोंद राहिली तर ठेकेदाराचं देयक अडकतं, आणि फोन त्यांना येतो. म्हणून कोणत्या कामाची मोजमापं 19 तारखेपर्यंत पुस्तिकेत चढतील आणि बाकीच्या साइटवर कोण बघेल, हे अर्जातच लिहा. शेजारच्या अभियंत्याची संमती आधी घ्या, त्याचं नाव लिहा. असा अर्ज साहेब शेऱ्यासाठी टेबलावर ठेवून देत नाहीत, कार्यकारी अभियंत्यांकडे पाठवतात. व्हायवाचा उल्लेख त्यात एकाच ओळीत: «तारीख कळताच स्वतंत्र अर्ज सादर करीन.»