सेवा करारातून स्कोअरकार्ड काढताना आधी अपवादांचं कलम वाचा

प्रश्न : "आमच्या शाखांच्या लीज्ड लाइनचा करार साठेक पानांचा आहे. त्यातले सर्व्हिस लेव्हल, पेनल्टी आणि अपवाद काढून दर महिन्याचं स्कोअरकार्ड कसं बनवू?"

पेनल्टीचा तक्ता सगळ्यात शेवटी उतरवा. मी एका सहकारी बँकेत नेटवर्कच्या व्हेंडरची बिलं तपासतो. सुरुवातीला मी उलटं करायचो. ९९.५ टक्के अपटाइम, त्याखाली इतके टक्के कपात, एवढं शीटमध्ये टाकलं की झालं असं वाटायचं. मग दर महिन्याला आमचा आकडा वेगळा आणि व्हेंडरचा वेगळा यायचा, आणि कोण बरोबर हे सांगायला हातात काहीच नसायचं.

एका शाखेचा एक महिना दाखवतो. ३० दिवस म्हणजे ४३,२०० मिनिटं. मॉनिटरिंगमध्ये लिंक एकूण ६१० मिनिटं बंद दिसली: एका रविवारी रात्री व्हेंडरच्या मेंटेनन्समुळे २४० मिनिटं, शाखेचा यूपीएस बसला तेव्हा १९० आणि रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तेव्हा १८०. सरळ भागाकार केला तर अपटाइम ९८.५९ टक्के. व्हेंडरच्या रिपोर्टमध्ये मात्र ९९.६४ होता.

आता करार उघडा. आमच्या करारात डाउनटाइमची व्याख्या पान ४ वर होती आणि सर्व्हिस लेव्हलचं परिशिष्ट थेट शेवटी. व्याख्येत लिहिलं होतं की वेळ तिकीट नोंदल्यापासून मोजायची. फायबर तुटली तेव्हा शाखाधिकारी पंचवीस मिनिटं व्हेंडरच्या इंजिनिअरला फोनच लावत बसले, तिकीट नंतर टाकलं. म्हणून १८० पैकी १५५ मिनिटंच धरता आली. ती पंचवीस मिनिटं आपली होती, पण गेली. ग्राहकाच्या जागेतला वीजपुरवठा हा अपवादच होता, त्यामुळे यूपीएसची १९० मिनिटं वगळणं योग्य.

खरा वाद मेंटेनन्सचा. व्हेंडरनं ती २४० मिनिटं सरसकट वगळली होती. कलमात मात्र दोन अटी होत्या: ७२ तास आधी लेखी सूचना, आणि काम रात्री १२ ते ५ मध्येच. काम वेळेत झालं होतं, पण मेल काढून पाहिला तर तो कामाच्या ४० तास आधीचा निघाला. अट मोडली की अपवाद लागू होत नाही. त्या रात्री तिकीटही लगेच टाकलेलं होतं, त्यामुळे २४० मिनिटं पूर्ण मोजली. म्हणजे मोजायचा डाउनटाइम २४० अधिक १५५, ३९५ मिनिटं.

वगळलेली मिनिटं एकूण वेळेतूनही वजा करायची की नाही, हेही करारात शोधा. आमच्याकडे करायची होती. शीटमध्ये B2 म्हणजे महिन्याची मिनिटं, C2 वगळलेली, D2 मोजायचा डाउनटाइम:

```
=(B2-C2-D2)/(B2-C2)
```

उत्तर ९९.०८ टक्के. एकाच महिन्याचे तीन आकडे झाले, आणि आमच्या तक्त्यात त्यांचे निकालही तीन: ९९.५ च्या वर कपात नाही, ९९ ते ९९.५ मध्ये त्या लिंकच्या मासिक भाड्याच्या ५ टक्के, ९८ ते ९९ मध्ये १० टक्के. भाडं १८,००० होतं. व्हेंडरच्या हिशेबानं कपात शून्य, कच्च्या आकड्यानं १,८००, करारानुसार ९००. आम्ही ९०० मागितले आणि मेलची तारीख जोडल्यावर ते एकाच फेरीत मान्य झाले. १,८०० मागितले असते तर यूपीएसच्या मुद्द्यावर आमचंच पत्र परत आलं असतं.

म्हणून स्कोअरकार्डमध्ये प्रत्येक अपवादाला स्वतंत्र ओळ द्या: कलम क्रमांक, करारातलं वाक्य जसंच्या तसं, त्याच्या अटी, आणि ती पाळल्याचा पुरावा कोणी द्यायचा. वाक्य आपल्या शब्दांत लिहू नका. "योग्य सूचना" आणि "७२ तास आधी लेखी सूचना" यातला फरक तिथेच हरवतो. घटनांची शीट वेगळी ठेवा आणि प्रत्येक घटनेसमोर तिकिटाची वेळ, बंद-चालू वेळ आणि लागू केलेल्या अपवादाचा कलम क्रमांक भरा. पुराव्याचा रकाना रिकामा असेल तर ती मिनिटं वगळायची नाहीत.

मोजमाप प्रत्येक लिंकचं की सगळ्यांची सरासरी, हे नक्की बघा. चाळीस शाखांच्या सरासरीत एखादी शाखा पूर्ण दिवस बंद असली तरी आकडा ९९.९ च्या वरच राहतो.

पेनल्टीचं कलम उतरवताना कमाल मर्यादा आणि दावा करायची मुदत बिलाच्या अटींमध्ये शोधा, त्या बहुतेक वेळा परिशिष्टात नसतात. आमच्याकडे मासिक रिपोर्ट मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते, नाहीतर व्हेंडरचा आकडा अंतिम धरला जातो. रिपोर्ट मिळाल्याची तारीख हा आमच्या शीटचा पहिला रकाना आहे.