वर्षाचं धान्य एकदम भरावं का?

प्रश्न : आम्ही चौघं, पुण्यात भाड्याच्या टू बीएचकेत राहतो. महिन्याला गहू 12 किलो, कोलम 8 किलो आणि तूरडाळ 3 किलो लागते. सासूबाई म्हणतात, एप्रिलातच वर्षाचं भरून टाका. भुसारवाल्याने गहू 36, तांदूळ 58 आणि डाळ 130 रुपये सांगितली. कोपऱ्यावरच्या दुकानात हेच 42, 66 आणि 145 पडतं. तीन कोठ्या सहा हजारांना येतील, टेम्पो-हमाली 400. पैसे एफडीतून काढू की क्रेडिट कार्डावर घेऊ?

उत्तर : तुमच्या आकड्यांवरून वर्षाच्या धान्याचं बिल साधारण 15,400 रुपये होतं आणि दुकानाच्या तुलनेत सुमारे 2,170 रुपये वाचतात. त्यातून टेम्पोचे 400 गेले. कोठ्या दहा वर्षं टिकल्या असं धरलं, तर वर्षाला 600 रुपये त्यांचे. अडकलेल्या पैशाचं व्याज लोक पूर्ण रकमेवर काढतात, ते चुकतं. धान्य दर महिन्याला संपत जातं, म्हणजे वर्षभर सरासरी निम्मीच रक्कम अडकलेली असते. 7,700 रुपयांवर 7 टक्क्यांनी 540 रुपये. हातात राहिले सव्वासहाशेच्या आसपास.

म्हणजे पाच किलो डाळीला भुंगा लागला की हिशोब बरोबरीत.

कार्डाचा विचार सोडा. महिना साडेतीन टक्क्यांनी सहा महिन्यांत फेडायचं म्हटलं तरी व्याजच 1,900 रुपयांच्या घरात जातं, वर त्यावर जीएसटी. तुम्ही धान्यावर वाचवाल आणि बँकेला देऊन याल. एफडी मोडली तर थोडा दंड बसेल, पण तो यापुढे काहीच नाही.

आता किडीचं. सोंडा बाहेरून कोठीत शिरतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून बुजवते. त्यामुळे एप्रिलात चाळून-निवडून स्वच्छ दिसणारा गहू ती अंडी घेऊनच घरात येऊ शकतो, आणि पावसाळ्यातल्या उबदार दमट हवेत महिनाभरात किडे बाहेर पडतात. दुकानात दाणा दाताखाली धरून बघा. कट् आवाज करून तुटला तर वाळलेला, दबला तर ओल आहे, तो घेऊ नका. घरी आणल्यावर दोन-तीन कडक उन्हं द्या, पण गरम धान्य कोठीत भरू नका; रात्रभर पसरून गार होऊ द्या, नाहीतर झाकणाखाली घाम धरतो. पुढे पंधरा दिवसांनी कोठीत हात खोल घालायचा. आत ऊब लागली किंवा हाताला पांढरं पीठ लागलं, तर कीड कामाला लागली आहे. कडुलिंबाचा पाला घाला हवा तर, पण दाण्याच्या आतल्या अळीला तो मारत नाही. धुरी देणाऱ्या सेल्फॉसच्या गोळ्या मात्र घरात आणूच नका. त्यांचा वायू माणसाचा जीव घेतो.

कोठी बाथरूमच्या भिंतीला लावू नका. माझी 50 किलो ज्वारी त्या भिंतीच्या ओलीने गेली होती. खाली लाकडी फळी ठेवा.

तुमच्या बाबतीत मला खरी अडचण दिसते ती भाड्याच्या घराची. अकरा महिन्यांचा करार नवा झाला नाही, तर तीन भरलेल्या कोठ्या घेऊन तुम्ही घर बदलणार. म्हणून मी मधली वाट सुचवतो, कारण तुमची बचत मुख्यतः सुट्या किलोऐवजी कट्टा घेण्यात आहे, वर्षाचा साठा करण्यात नाही. तांदळाची 26 किलोची पिशवी घ्या, तुम्हाला तीन महिने पुरेल. (18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर 5 टक्के जीएसटी लागला, त्यानंतर या 26 किलोच्या पिशव्या दिसू लागल्या.) भुसारवाल्याला विचारा, पिशवीला तोच 58 चा भाव देतो का. बहुतेक देईल, आणि कोठीही लागणार नाही.

गहू मात्र एप्रिल-मेमध्ये थोडा जास्त घ्यायला हरकत नाही, कारण नवा माल तेव्हाच येतो आणि पुढे भाव सहसा चढतो. एकच कोठी घेऊन 75 किलो भरा, सहा महिने निघतील. शेजारच्या दोन घरांना सोबत घेतलं तर टेम्पोही वाटला जाईल.

तूरडाळ वर्षाची नकोच. 2015 मध्ये ती किलोला 200 रुपयांच्या घरात गेली होती, आणि 2017 मध्ये तूर एवढी पिकली की शेतकऱ्यांना क्विंटलला 5,050 चा हमीभावही मिळेना. महागाईच्या भीतीने 2016 मध्ये जिने वर्षाची भरली, तिने पुढच्या वर्षी स्वस्त डाळ शेजारणीकडे पाहिली. डाळ दोन महिन्यांची घ्या, थोडं एरंडेल चोळून डब्यात ठेवा.

सासूबाईंना सांगताना गव्हाची कोठी आधी दाखवा, डाळीचं नंतर बोला.