गच्चीवरची टाकी: काँक्रीट, स्टील की प्लास्टिक?

"सर, नमस्कार. कंग्राळीत आमचं दुमजली घर चाललंय, घरात सहा माणसं. वरचा स्लॅब झाला, आता जिन्याच्या हेडरूमचं सेंट्रिंग लागेल. मेस्त्री म्हणतो, त्यावर 2,000 लिटरची काँक्रीटची टाकी बांधू, जन्माचं काम होईल. 62,000 रुपये सांगतोय. हजार लिटरच्या दोन प्लास्टिक टाक्या फिटिंगसह 18,000 ला आणि तशाच दोन स्टीलच्या 38,000 ला मिळतायत. पंचायतीचं पाणी दिवसाआड येतं, बाकी बोअर. त्याचं पाणी जरा मचूळ आहे. 20 वर्षांचं गृहकर्ज 8.5 टक्क्यांनी घेतलंय, शेवटचा हप्ता बँकेकडून अजून उचललेला नाही. काय करावं?"

नमस्कार. तुमच्या घरासाठी मी आज प्लास्टिकच्या दोन टाक्या घेईन आणि काँक्रीटचे पैसे बँकेतून उचलणारच नाही. स्टीलचा विचार मात्र गंभीरपणे करण्यासारखा आहे. तो का मागे पडतो हे पुढे सांगतो, कारण त्याचं उत्तर तुमच्या बोअरच्या पाण्यात आहे.

आधी काँक्रीट. 2,000 लिटर पाण्याचं वजन दोन टन, ते तिन्ही टाक्यांत सारखंच. पण पाच इंची भिंती, सहा इंची तळ आणि वर झाकणाचा स्लॅब धरला, तर एवढ्या टाकीला साधारण दीड घनमीटरच्या पुढे काँक्रीट लागतं. म्हणजे टाकीचंच वजन चार टन, भरल्यावर सहा. प्लास्टिकच्या दोन टाक्या भरून सव्वादोन टनांच्या आत राहतात. तुमचे कॉलम आणि पाया होऊन गेलेत. हे सहा टन इंजिनिअरने मूळ डिझाइनमध्ये धरले असतील तर ठीक, पण टाकीची कल्पना मेस्त्रीने आत्ता काढली असेल तर ते धरलेले नसणार. तसं असेल तर पैशांचा हिशेब करायचीही गरज नाही, तो पर्याय तिथेच संपला.

वजन धरलेलं असलं तरी पैसे बघा. प्लास्टिकपेक्षा 44,000 जास्त जातात आणि ते कर्जातून जातात. 8.5 टक्क्यांनी 20 वर्षांत त्याचा महिन्याचा हप्ता सुमारे 382 रुपये होतो, एकूण परतफेड 91,000 च्या पुढे. शिवाय "जन्माचं काम" हे शब्द मला पटत नाहीत. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस आणि त्यानंतरचं एप्रिलचं ऊन यांत गच्चीवरचं काँक्रीट फुगतं, आकसतं, बारीक तडे जातात. टाकीच्या बाहेरून चुन्याचे पांढरे ओघळ दिसू लागले की पाणी भिंतीतून झिरपतंय असं समजा. पुढे आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. म्हणून काही वर्षांनी वॉटरप्रूफिंग पुन्हा करावंच लागतं, आणि तो खर्च मेस्त्रीच्या 62,000 मध्ये नाही. काँक्रीटची टाकी वाईट नसते. एकत्र कुटुंबाला पाच-सहा हजार लिटर हवं असेल आणि पायापासून तसं डिझाइन असेल तर मी स्वतः तीच सुचवतो. तुमची गोष्ट वेगळी आहे.

आता प्लास्टिक आणि स्टील. इथे सामना अटीतटीचा आहे. चांगली प्लास्टिकची टाकी उन्हात बारा वर्षं टिकेल असं धरू, म्हणजे 24 वर्षांत दोनदा खरेदी. दरवर्षी 6 टक्के महागाई धरली तर बारा वर्षांनी 18,000 चे 36,000 होतील. पण आज बाजूला ठेवलेले 18,000 सुद्धा 6 टक्क्यांनी बारा वर्षांत तितकेच होतात. त्यामुळे दुसऱ्या जोडीची किंमतही आजच्या पैशांत 18,000 च धरायची. एकूण 36,000. स्टील 38,000. फरक फक्त 2,000 रुपयांचा, आणि मोडीत स्टीलचे काही पैसे परत येतील ते वेगळंच. स्टील 24 वर्षं टिकलं तर तेच स्वस्त.

पण टिकेल का? बाजारातल्या टाक्या बहुतेक 304 ग्रेडच्या असतात. या स्टीलचा शत्रू क्लोराइड, म्हणजे पाण्यातला खारटपणा. ढोबळमानाने लिटरला 200 मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड गेलं की टाकीच्या तळाशी, गाळाखाली आणि वेल्डिंगच्या शिवणीवर सुईच्या टोकाएवढी भोकं पडायचा धोका वाढतो. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडची मान्य मर्यादा 250 आहे, म्हणजे पिता येईल असं पाणीही या टाकीला जड जाऊ शकतं. भांड्यांवरचे पांढरे डाग क्षारांचे असतात, त्यावरून क्लोराइड कळत नाही. मचूळ चव मात्र त्याच्याकडेच बोट दाखवते. बोअरचं एक बाटली पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत किंवा खासगी लॅबमध्ये द्या आणि क्लोराइडचा आकडा मुद्दाम मागा. तो 100 च्या आत आला तर स्टील घ्या, माझी हरकत नाही. पण मचूळ पाण्यावर 38,000 लावून 24 वर्षांची आशा मी धरणार नाही.

दोन टाक्यांचा आणखी एक फायदा आहे, आणि मला तो पैशांहून मोठा वाटतो. एकीत फक्त पंचायतीचं पाणी स्वयंपाकघर आणि अंघोळीसाठी, दुसरीत बोअरचं संडास, धुणं आणि झाडांसाठी. पाइप आत्ताच वेगळे टाकायला थोडाच खर्च येतो, टाइल्स बसल्यावर तो परवडत नाही. माणशी रोज 135 लिटर धरले तर सहा जणांना 810 लिटर लागतात. त्यामुळे दिवसाआडच्या पाण्याला या दोन टाक्या पुरतात. पाणी चार-चार दिवस येत नसेल तर वर साठा वाढवू नका, जमिनीत संप बांधा. काँक्रीट तिथेच शोभतं, ऊन नाही आणि वजन जमीन पेलते. त्या 44,000 मधले काही उचलायचेच असतील तर त्यासाठी उचला.

प्लास्टिकची टाकी घेताना थरांची संख्या बघून भुलू नका. आयएस 12701 आणि आयएसआय मार्क बघा, खालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अॅपवर टाकून कंपनीचं नाव जुळतं का ते तपासा, आणि एकाच मापाच्या दोन टाक्यांत जड असेल ती घ्या. टाकी बारा वर्षांऐवजी चार वर्षांत फुटते ती बहुतेक बैठकीमुळे. दोन लोखंडी अँगलवर ठेवली की तळ मध्ये झोळतो आणि कडेला चीर जाते. खाली टाकीच्या घेरापेक्षा मोठा, सपाट, सिमेंटने घोटलेला कट्टा हवा. पाइपचं ओझं टाकीच्या तोंडावर येऊ नये म्हणून पाइपला भिंतीत क्लॅम्प मारा. रिकामी टाकी वळवाच्या वाऱ्यात उडते, तेव्हा ती बांधून ठेवा. बैठक चुकली तर वॉरंटी बहुधा नाकारतात, म्हणून कट्ट्यासह फोटो आणि बिल जपा.

टाक्या हेडरूमवरच बसवा, गच्चीच्या जमिनीवर नको. वरच्या मजल्यावरच्या शॉवरला नाहीतर जेमतेम एक-दीड मीटर उंचीचाच दाब मिळेल आणि मग प्रेशर पंपाचा खर्च मागे लागेल. सेंट्रिंग लागायच्या आधी इंजिनिअरकडून हेडरूमच्या बीमवर सव्वादोन टनांचा भार नकाशात लिहून घ्या, आणि मेस्त्रीला तो कागद दाखवूनच सळई बांधायला सांगा.