दुभाषा मध्ये असताना भाव कसा करायचा?

प्रश्न: बडोद्याला आमचं छोटं युनिट आहे. चिनी कंपनीकडून पॅकिंग मशीन घ्यायचं चाललंय, बोलणी दुभाष्यातर्फे. मी दोन वाक्यं बोलतो, ते लोक पाच मिनिटं आपसात बोलतात आणि उत्तर येतं, 'जरा अवघड आहे.' हे टाळतायत का? मी काय करू?

उत्तर: टाळतायतच असं धरून चालू नका. त्या पाच मिनिटांतला बराच वेळ साध्या समजुतीत जातो. तुम्ही अठरा लाख युआन म्हणता, दुभाषा ते मिलियनमध्ये ऐकतो आणि चिनीत दहा-दहा हजारांच्या हिशेबात बसवतो. मग त्यांचा इंजिनिअर विचारतो की यात सुटे भाग धरलेत का, कोणीतरी जुनं कोटेशन शोधतं. म्हणून आकडा तोंडी सांगून सोडू नका. कागदावर लिहा, स्वल्पविराम आपल्या लाखाच्या जागी न देता तीन-तीन आकड्यांवर द्या आणि कागद पुढे सरकवा.

खरा धोका त्या शांततेत आपण काय करतो यात आहे. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या बैठकीत मी बसलो होतो. मालक म्हणाले, "ॲडव्हान्स तीसऐवजी चाळीस टक्के देऊ." दुभाष्याला बोलता यावं म्हणून ते थांबले. त्यानं भाषांतर केलं, समोरच्यांनी माना डोलावल्या आणि वहीत लिहून घेतलं. त्यानंतर मालकांचं उरलेलं वाक्य आलं, "पण मशीन बसवून चालू करायला तुमचा इंजिनिअर तुमच्या खर्चानं यायला हवा." तोवर चाळीस टक्के त्यांच्या खिशात पडले होते. अट ही अट राहिली नाही, नवी मागणी झाली. समोर कुजबुज सुरू झाली, मालकांना वाटलं माणसं नाराज झाली, आणि त्यांनी घाईनं सांगून टाकलं, "बरं, विमानाचं तिकीट आम्ही काढतो." हे कोणी मागितलंच नव्हतं. मागाहून दुभाष्याला विचारलं तर कळलं, ते एवढंच बघत होते की त्या महिन्यात कोणता इंजिनिअर मोकळा आहे.

तेव्हा 'जर' आधी आणि 'तर' नंतर, आणि दोन्ही एका दमात. "इंजिनिअर तुमच्या खर्चानं आला, तर ॲडव्हान्स चाळीस टक्के." एवढं बोलून मगच थांबायचं. मराठीत आणि चिनीतही अट आधी बोलायचीच पद्धत आहे. इंग्रजीत बोलायला लागलो की आपण ती शेपटासारखी मागे लावतो. दुभाष्याशी इंग्रजीत बोलत असाल तर हे मुद्दाम जपा. आणि बोलून झालं की गप्प बसा. पाणी प्या, ड्रॉइंग चाळा, पण भाषांतर पुरं होऊन उत्तर येईपर्यंत दुसरं वाक्य नाही.

'अवघड आहे' आलं की का अवघड, असं विचारू नका. त्यात माणसाला सबब सांगावी लागते. "काय बदललं तर जमेल?" असं विचारा. डिलिव्हरीचे दिवस, मोटरचा मेक, पैसे देण्याचा टप्पा असं काही ठोस आलं, तर सौदा चालू आहे. पुन्हा तसंच गुळमुळीत उत्तर आलं, तर तो बहुतेक सभ्य नकार आहे, नाहीतर ठरवणारा माणूस त्या खोलीत नाही.

दुभाषा त्यांचाच सेल्समन असेल, तर तुमचं कडक वाक्य तो मऊ करून पोचवणार, कारण त्याला ऑर्डर हवी आहे. स्वतःचा दुभाषा घ्या आणि आदल्या दिवशी त्याला ड्रॉइंग, कोटेशन आणि मशीनच्या भागांची नावं देऊन ठेवा. त्यांच्यातली मधली चर्चाही थोडक्यात सांगत जा, असं त्याला सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे नंतर कोणाला चुगली वाटणार नाही. बोलताना मात्र बघायचं समोरच्या माणसाकडे. "यांना विचारा की" अशी सुरुवात केली की सौदा तुमचा आणि दुभाष्याचा होऊन बसतो. तासाभरानं त्याला चहाची सुट्टी द्या. एकट्यानं दोन्ही बाजू सांभाळणारा माणूस थकला की आधी आकडे चुकतात.

(दांडिया बाजारच्या सवयीनं आपण चारचौघांत मराठीत कुजबुजतो, तेवढं टाळा. चीनमध्ये विद्यापीठात हिंदी शिकलेले लोक आहेत, आणि 'पाच टक्के जास्त देऊन टाकू' समजायला हिंदी पुरते.)

एका तासाच्या बैठकीत बोलणं जेमतेम अर्ध्या तासाचं होतं, म्हणून एका दिवसात भाव आणि पेमेंट एवढंच घ्या. वॉरंटी, सुटे भाग दुसऱ्या दिवशी. उठण्याआधी ठरलेले मुद्दे दोन्ही भाषांत एका पानावर लिहून सह्या घ्या, आणि वाद झाल्यास कोणत्या भाषेतला मजकूर धरायचा हेही त्यातच लिहा.