तीन कोटेशनची तुलना साहेबांना पाठवताना सोबतच्या नोटमध्ये काय लिहावं?

प्रश्न: रत्नागिरीजवळच्या आंबा पल्पच्या कारखान्यात खरेदी विभागात नवीन आहे. ४०० प्लॅस्टिक क्रेटसाठी तीन कोटेशनं आली आहेत. दर, डिलिव्हरी आणि अटी यांचा तक्ता केलाय. तो साहेबांना पाठवताना सोबत काय लिहू? "सोबत तक्ता जोडला आहे" एवढं पुरेल का?

उत्तर:

नाही पुरणार. साहेब तो मेल बहुधा मोबाईलवर, फॅक्टरीच्या आवारात उभ्याउभ्या उघडणार. एक्सेलचे उजवीकडचे कॉलम तिथे दिसत नाहीत, आणि नेमक्या अटी उजवीकडे असतात. म्हणून निर्णयापुरतं सगळं नोटमध्येच यायला हवं. तक्ता पीडीएफ करून जोडा, तो पडताळणीसाठी.

पण नोट लिहिण्याआधी दर एका पातळीवर आणलेत का ते बघा. तुमचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून मनाने घेतो. पुण्याचा दर ३१० रुपये, गोदामातून, जीएसटी आणि भाडं वेगळं. कोल्हापूरचा ३३८, फॅक्टरीत पोच, जीएसटी वेगळा. रत्नागिरीतल्या डीलरचा ४१३, जीएसटी धरून पोच. वरवर पाहिलं तर पुणं स्वस्त आणि आपला गाववाला महाग. आता पुण्याहून गाडीचं भाडं १४,००० असेल तर क्रेटमागे ३५ रुपये वाढले, म्हणजे ३४५. डीलरच्या ४१३ मधून १८ टक्के जीएसटी काढला की उरतात ३५०. खरी तुलना ३४५, ३३८ आणि ३५० अशी आहे. नोटमध्ये हेच आकडे जातील. कोटेशनवरचे मूळ दर तक्त्यात राहू द्या.

जीएसटी वगळून तुलना चालते, कारण पल्प करपात्र आहे आणि क्रेटवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. नुसता ताजा आंबा विकणाऱ्याला ते मिळत नाही, कारण ताज्या फळावर करच नाही. त्याने करासकट दर धरावा. तुमच्याकडे दोन्ही धंदे असतील तर अकाउंट्समध्ये आधी विचारून घ्या.

डिलिव्हरीचे दिवस कधीपासून मोजायचे, हेही पाहा. "२१ दिवस" म्हणजे ऑर्डरपासून की अ‍ॅडव्हान्स जमा झाल्यापासून? अकाउंट्सला पैसे सोडायला दोन दिवस लागले की डिलिव्हरीही तेवढी लांबते. म्हणून नोटमध्ये दिवस न लिहिता तारीख लिहा. हंगामात "साधारण तीन आठवडे" या शब्दांना काही अर्थ नसतो. आंबा झाडावर थांबत नाही.

मी अशी नोट लिहीन:

> विषय: ४०० क्रेट – कोल्हापूरची शिफारस, १० मार्चपर्यंत मंजुरी हवी
>
> सर,
> क्रेटच्या तीन कोटेशनची तुलना सोबत जोडली आहे. फॅक्टरीत पोच, जीएसटी वगळून दर: कोल्हापूर ३३८, पुणे ३४५, रत्नागिरी ३५०.
> माल २५ मार्चपर्यंत हवा आहे. १० तारखेला अ‍ॅडव्हान्स दिला तर कोल्हापूरचा माल २२ मार्चला येईल, पुण्याचा ३१ ला. रत्नागिरीत १५० नग तयार आहेत, उरलेले १८ मार्चपर्यंत.
> कोल्हापूरला ५० टक्के अ‍ॅडव्हान्स, बाकी माल पोचल्यावर. पुण्याला पूर्ण रक्कम आगाऊ. रत्नागिरीला ३० दिवसांची उधारी.
> माझी शिफारस कोल्हापूरची. मात्र त्यांच्या कोटेशनमध्ये क्रेटचं वजन नाही, फोनवर १.८ किलो सांगितलं, लेखी मागवलं आहे. ते आलं नाही तर रत्नागिरीतून घ्यावं, ४,८०० रुपये जास्त पडतील.
> कोल्हापूरचा दर १० मार्चपर्यंतच वैध आहे.

वजनाचं वाक्य काढू नका. मापं तीच ठेवून क्रेट हलका केला की दर आपोआप उतरतो, आणि प्लॅस्टिकचा दाणा पुनर्वापराचा असेल तर थप्पी लावल्यावर कोपरे तडकतात. तिघांकडून वजन आणि नवा दाणा या दोन गोष्टी लेखी नसतील तर तुम्ही एकाच वस्तूचे दर ताडत नाही आहात.

उधारी मोठी वाटते, पण हिशोब करून बघा. डीलरचे ४१३ दराने ४०० क्रेटचे १,६५,२०० रुपये महिनाभर वापरायला मिळाले आणि व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर वाचतात १,६५२, म्हणजे क्रेटमागे चार रुपये. ते वजा केले तरी डीलर कोल्हापूरपेक्षा आठ रुपयांनी महागच. तरी डीलरचं नाव नोटमध्ये हवंच. आंबा घाट बंद पडला किंवा गाडी उशिरा आली तर त्याचे तयार १५० नग कामाला येतील.

मूळ तिन्ही कोटेशनंही जोडा. मेल गेल्यावर कुणी फोनवर दर उतरवला तर तक्त्यात गुपचूप बदल करू नका. नव्या तारखेचं सुधारित कोटेशन मागवा आणि त्याच मेलच्या उत्तरात "सुधारित" असं लिहून पाठवा. एकाचा दर दुसऱ्याला सांगून घासाघीस करायची की नाही, ते साहेबांना ठरवू द्या.