४८ हजारांचं पॅकेज की फोनमधली ब्रॉडकास्ट लिस्ट?

प्रश्न: दादा, मी डोंबिवलीला राहते. तीन वर्षांपासून घरून भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि दिवाळीला फराळ करून देते. फोनमध्ये २१० गिऱ्हाईकं आहेत पण दिवाळी सरली की पुन्हा ऑर्डर द्यायला फार कमी जण येतात. सरासरी ऑर्डर ६०० रुपयांची, सामान, दळण, पॅकिंग जाऊन हातात २१० राहतात. एक ओळखीचा मुलगा म्हणतोय वेबसाईट करून देतो आणि वर्षभर दहा हजार नंबरांवर बल्क व्हॉट्सॲप मेसेज टाकतो, एकूण ४८ हजार. माझी ६० हजारांची एकच एफडी आहे, सात महिन्यांनी मॅच्युअर होईल. ती मोडू का? की ब्रॉडकास्ट आणि कॅटलॉगवर भागेल?

उत्तर: ताई, एफडी मोडू नका. व्याजाचं म्हणाल तर नुकसान फार नाही, बँक जितके दिवस पैसे ठेवले तितक्या काळाचा दर लावते आणि त्यातून वर अर्धा-एक टक्का कापते, म्हणजे हजाराच्या आसपास जातील. पण ती एकच एफडी आहे म्हणता, म्हणजे घरात कोणी आजारी पडलं किंवा मिक्सर, गॅस, फोन यातलं काही बिघडलं तर धावून येणारा पैसा तोच आहे, आणि तो असा जाहिरातीत घालायचा नसतो.

आता पॅकेजचं बघू. ४८ हजार भागिले ऑर्डरमागचे २१० रुपये केलं की २२९ ऑर्डरी होतात, आणि त्या आत्ता येतात त्याच्या वर, जास्तीच्या. दर महिन्याला एकोणीस-वीस. एवढ्या आल्या तर तुम्ही फक्त बरोबरीत आलात, हातात एक रुपया उरला नाही, आणि वर्ष संपलं की तो मुलगा पुन्हा पैसे मागणार. त्यातही ते दहा हजार नंबर कोणाचे आहेत? ज्यांनी तुमची भाजणी कधी चाखली नाही अशांचे. अनोळखी नंबरवरून आलेला मेसेज लोक ब्लॉक करतात नाहीतर रिपोर्ट करतात. असं कुठलंतरी सॉफ्टवेअर लावून ढिगाने मेसेज टाकणं व्हॉट्सॲपच्या नियमांत बसत नाही, नंबर कायमचा बंद होऊ शकतो. अधिकृत रस्ता आहे, पण त्यात मेसेजचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, मेसेजमागे पैसे लागतात आणि ज्यांनी हो म्हटलंय त्यांनाच पाठवायचं असतं. तो मुलगा यातलं नेमकं काय वापरणार हे विचारा, आणि मेसेज तुमच्याच नंबरवरून जाणार असतील तर सरळ नाही म्हणा. तो नंबर बंद पडला तर २१० गिऱ्हाईकांशी तीन वर्षांचं बोलणं एका दिवसात बंद, म्हणजे दुकानाला टाळंच.

तर ब्रॉडकास्ट. फुकट आहे, साध्या व्हॉट्सॲपमध्येही आहे आणि बिझनेसवाल्यातही. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, म्हणजे तुमची सगळी गिऱ्हाईकं एका लिस्टमध्ये मावतील. ग्रुपसारखं नाही, कोणाला कोण आहे ते दिसत नाही, उत्तर आलं तर तुम्हाला एकटीलाच येतं. पण एक मोठी अट आहे आणि बहुतेक घरगुती व्यवसाय तिथेच अडतात: ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. बाकीच्यांना पोचतच नाही आणि तुम्हाला कोणी सांगायलाही येत नाही, तुम्हाला वाटतं लोकांना माल नकोय.

म्हणून पहिलं काम हे करा. एक साधा मेसेज सगळ्यांना ब्रॉडकास्ट करा, दोन दिवस थांबा (काहींचा फोन बंद असतो, नेट नसतं) आणि मग त्याच मेसेजवर बोट दाबून धरून माहिती बघा. तिथे डिलिव्हर कोणाला झाला, वाचला कोणी ही नावं येतात. वाचल्याच्या यादीवर फार जाऊ नका, निळ्या टिका बंद ठेवणारे पुष्कळ असतात, डिलिव्हर झालेले मोजा. हाच तुमचा खरा आकडा, २१० नव्हे.

समजा तो ८५ निघाला. आणि समजा आठातला एक जण ऑर्डर देतो (हा आकडा मी हिशोबासाठी धरलाय, तुमचा तुम्हाला दोन बॅचमध्ये कळेल). म्हणजे एका मेसेजला दहा ऑर्डरी, २१०० रुपये, महिन्यातून दोन मेसेज टाकले तर ४२००. आता तेच ८५ चे १५० केले तर अठरा ऑर्डरी, दोन वेळा मिळून साडेसात हजार. हे फक्त आधीच खाऊन झालेल्या लोकांनी नंबर सेव्ह केला म्हणून, खर्च जवळजवळ शून्य. दहा हजार अनोळखी नंबरांपेक्षा हे पासष्ट लोक जास्त मोलाचे आहेत.

नंबर सेव्ह कसा करून घ्यायचा? ज्यांना पोचला नाही त्या प्रत्येकाला स्वतः लिहा, नावाने, एका दिवसात सगळ्यांना नको, रोज दहा-पंधरा. "काकू, मागच्या दिवाळीला चकल्या नेल्या होत्या ना, आता भाजणीची बॅच काढली की कळवत जाऊ का? हो असेल तर हा नंबर सेव्ह करा, नाहीतर मेसेज पोचत नाही." कारण सांगितलं की लोक करतात, नुसतं सेव्ह करा म्हटलं की विसरतात. पाकिटावरच्या स्टिकरवर हेच एक वाक्य छापा. क्यूआर लावायचा तर लावा, पण तो स्कॅन केला की फक्त चॅट उघडतं, नंबर आपोआप सेव्ह होत नाही, तेव्हा वाक्य लागेलच. आणि जो नको म्हणेल त्याला लगेच काढा, नाराज माणूस लिस्टमध्ये ठेवून काही मिळत नाही.

मग लिस्ट फोडा. बिझनेस ॲपमध्ये लेबल लावता येतात, त्याने सोपं जातं. फराळाचं गिऱ्हाईक आणि भाजणीचं गिऱ्हाईक एक नाही. फराळवाले वर्षातून एकदाच येणार, त्यातले बरेच तर मुलीला, भाच्याला पाठवायला घेतात, त्यांना दर पंधरा दिवसांनी थालीपीठ दाखवलं तर ते कंटाळून ब्लॉक करतील. त्यांना वर्षातून तीन-चार मेसेज पुरे, दिवाळीच्या महिनाभर आधी एक, आणि दिवाळीनंतर एक मेतकुटाचा, कारण गोडाधोडाने तोंड विटलेलं असतं तेव्हा मऊ भात-मेतकूट आठवतंच. रोजच्या वस्तूंवाल्यांना मात्र माल संपायच्या सुमाराला गाठायचं. पाव किलो गोडा मसाला चार माणसांच्या घरात किती दिवस जातो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, जुन्या चॅटमधून कोणी कधी नेला ते बघा, तारखा सापडतील. उपासाच्या भाजणीची वेगळी लिस्ट, ती आषाढी, श्रावण, नवरात्राच्या आठ-दहा दिवस आधी.

मेसेज एका वस्तूचाच ठेवा. असा काहीतरी: "भाजणी शनिवारी दळणार. अर्धा किलो १७० रु. ऑर्डर गुरुवारी रात्री ९ पर्यंत, 'भाजणी १' किंवा 'भाजणी २' एवढं लिहिलं तरी चालेल. मेसेज नको असतील तर 'नको' लिहा." यात पैशाची एक गोष्ट दडलीये ती सांगतो. तुम्ही आधी माल करून मग गिऱ्हाईक शोधत असाल तर डाळी-तांदूळ-धने यात पैसे अडकतात आणि भाजणी जुनी झाली की वास उतरतो, तोटा तुमचा. ऑर्डर आधी, दळण नंतर केलं आणि निम्मे पैसे यूपीआयने आधी घेतले तर सामान गिऱ्हाईकाच्याच पैशात येतं. ज्या कामासाठी तुम्ही एफडी मोडायचा विचार करत होता त्यातलं बरंच इथेच सुटतं.

कॅटलॉग म्हणजे दुकानातली फळी समजा, लोकांना बोलावून आणणं हे त्याचं काम नाही, आलेल्याला भाव न विचारता घेता यावं एवढंच. पाचशे वस्तू बसतात पण तुम्ही आठ-दहाच ठेवा. नावातच वजन लिहा, "थालीपीठ भाजणी, अर्धा किलो", वर्णनात काय काय धान्य आहे आणि किती महिने टिकते ते. फोटो तुमच्याच पाकिटाचा, उजेडात काढलेला, नेटवरचा नको. यातून गिऱ्हाईक चार वस्तू कार्टमध्ये टाकून एकदम पाठवतं, त्यामुळे भाजणी घ्यायला आलेली बाई मेतकूटही उचलते, हा खरा फायदा. कच्चा दुवा असा की माल किती शिल्लक आहे हे कॅटलॉगला कळत नाही, वीस पाकिटांची बॅच असली तरी तिसावी ऑर्डरही येते. बॅच भरली की ती वस्तू लपवायची, तेवढी सवय लावा. भाव वाढवला की त्याच दिवशी तिथेही बदला, नाहीतर जुन्या भावाचा स्क्रीनशॉट दाखवणारे भेटतातच.

पुन्हा ऑर्डर यावी म्हणून दहा टक्के सूट द्यायचा मोह होईल. ६०० वर दहा टक्के म्हणजे ६०, आणि ते ६०० मधून नाही तुमच्या २१० मधून जातात, म्हणजे कमाईतला पाव भागाहून जास्त गेला. त्यापेक्षा पन्नास ग्रॅम मेतकुटाची पुडी टाका. तुम्हाला ती पंधरा-वीस रुपयांत पडते आणि पुढच्या वेळेस तीच वस्तू विकली जाते.

आणखी एक, हे २१० रुपये म्हणजे नफा नाही, त्यात तुमचे हात फुकट धरलेत. अठरा ऑर्डरी म्हणजे कितीतरी किलो माल, प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजायचं. दोन बॅच जमतील, चार जमतील का? जास्त गिऱ्हाईकं आली तर अडणार ते भाजण्यापाशी, आणि तिथे वेबसाईटचा काही उपयोग नाही.

म्हणून आत्ता खर्च एवढाच करा: एफएसएसएआयची नोंदणी नसेल तर ती आधी (छोट्या व्यवसायाची मूळ नोंदणी वर्षाला १०० रुपये), स्टिकर, एक बरा वजनकाटा, सगळं मिळून दोन-तीन हजारांत बसवा आणि महिन्याच्या कमाईतून करा. वहीत प्रत्येक ब्रॉडकास्टपुढे चार आकडे लिहा: तारीख, किती जणांना पोचला, ऑर्डरी किती, पैसे किती. पोचलेल्यांचा आकडा दर वेळी घसरत असेल तर लोक ब्लॉक करतायत, मेसेज कमी करा. आकडा तोच पण ऑर्डरी कमी होत असतील तर वस्तू किंवा वेळ चुकतेय.

सात महिन्यांनी एफडी मॅच्युअर होईल तेव्हा ही वही घेऊन बसा. दोन्ही बॅच भरून वर लोकांना नाही म्हणावं लागत असेल तर व्याजाएवढे पैसे बाजूला काढून भाजायला मदतीला बाई लावून बघा, मुद्दल परत एफडीत. आणि बॅचच भरत नसतील तर सगळीच्या सगळी रिन्यू करा.